पाच वाटा, आठ प्रवासी

एसटीत वयावरून वाद कुणाशी होतो, ते आठवून पाहा. चाळिशीतल्या गृहस्थाला कंडक्टर वय विचारत नाही. कडेवरच्या तान्ह्या बाळाचंही कुणी विचारत नाही. वाद होतो तो खिडकीशी पाय झुलवत बसलेल्या पोरावरून. आई म्हणते, "अजून पाच पुरी व्हायचीत त्याला." कंडक्टर म्हणतो, "ताई, पहिलीचं पुस्तक आहे त्याच्या हातात." दोन सीट मागे दुसरा खटला उभा असतो: मिसरूड फुटू लागलेला मुलगा आणि त्याचं अर्धं तिकीट मागणारे वडील. पाच आणि बारा, या दोन आकड्यांच्या आसपास सगळी भांडणं. आठ वर्षांच्या पोरावरून भांडण झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवतो आणि दर सत्राअखेर पेपर तपासतो. या विषयात एक प्रश्न हमखास येतो. सात-आठ ओळींचं एक फंक्शन दिलेलं असतं. 'अ' भागात त्याची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी काढायची, 'ब' भागात सीमेवरच्या किमतींच्या टेस्ट केस लिहायच्या. मुलं दोन्ही भाग स्वतंत्रपणे पाठ करून येतात आणि स्वतंत्रपणेच चुकतात. म्हणून वर्गात मी हा प्रश्न एसटीच्या तिकिटावर घेतो. नियम सगळ्यांना ठाऊक असतो: पाचच्या आत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, त्यापुढे पूर्ण. ज्येष्ठांची आणि महिलांची सवलत सुरुवातीला बाजूला ठेवतो, तिच्याकडे शेवटी येऊ. शून्याच्या खालचं किंवा १२०च्या वरचं वय आलं, तर कुणीतरी चुकीचं टाइप केलंय असं मानून फंक्शनने उणे १ परत द्यायचं.

```c
int bhade(int vay, int purna)
{
    if (vay < 0 || vay > 120)
        return -1;
    if (vay < 5)
        return 0;
    if (vay <= 12)
        return purna / 2;
    return purna;
}
```

`vay` म्हणजे प्रवाशाचं पूर्ण झालेलं वय, `purna` म्हणजे पूर्ण तिकिटाचे रुपये. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही हे वाचता येईल. वय वरून आत येतं, एकेका `if`पाशी त्याला प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर 'हो' आलं की ते तिथूनच भाडं घेऊन बाहेर पडतं.

आता 'अ' भाग. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे नाव ऐकूनच मुलांचा चेहरा पडतो, पण कल्पना साधी आहे. थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात ती मांडली. प्रोग्राम किती लांब आहे हे मोजण्यापेक्षा त्यात फाटे किती फुटतात ते मोजा, हा त्यांचा मुद्दा. शंभर ओळींचा प्रोग्राम एकही प्रश्न न विचारता सरळ खाली जात असेल तर त्यात वाट एकच. आपल्या फंक्शनसारख्या आठ-दहा ओळींत मात्र चार-पाच वाटा असू शकतात.

मोजायचं कसं? फंक्शनचा नकाशा काढायचा. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक गाव, प्रत्येक `return` म्हणजे एक गाव, आणि सगळे शेवटी जिथे पोचतात ते शेवटचं गाव. आपल्याकडे प्रश्न चार आहेत: वय शून्याच्या खाली आहे का, १२०च्या वर आहे का, पाचपेक्षा कमी आहे का, बारा किंवा त्याहून कमी आहे का. `return` चार. शेवटचं गाव एक. एकूण गावं ९. रस्ते मोजा: प्रत्येक प्रश्नातून 'हो' आणि 'नाही' असे दोन, म्हणजे ८, प्रत्येक `return`मधून शेवटच्या गावाकडे एक, म्हणजे ४. एकूण रस्ते १२. परीक्षेतलं सूत्र असं:

```
V(G) = E - N + 2 = 12 - 9 + 2 = 5
```

E म्हणजे रस्ते, N म्हणजे गावं. उत्तर पाच. पण तो शेवटचा २ कुठून आला, हे विचारलं की वर्ग शांत होतो. तो आभाळातून पडलेला नाही. नऊ गावं एकमेकांना जोडायला कमीत कमी आठ रस्ते लागतात. एखादा कमी झाला की कुठलं तरी गाव तुटतं. आठाच्या वर जो जो रस्ता बांधाल, तो एक नवा फेरा तयार करतो, म्हणजे निघालेल्या गावी दुसऱ्या वाटेने परत येता येतं. मॅककेब यांनी शेवटच्या गावाहून पहिल्या गावाकडे एक परतीचा रस्ता कल्पिला, म्हणजे फंक्शनमधली प्रत्येक वाट हा एक फेराच होतो. मग रस्ते झाले १३, जोडण्यापुरते लागणारे ८, जादा ५. तेवढे स्वतंत्र फेरे, तेवढी कॉम्प्लेक्सिटी. 'सायक्लोमॅटिक' या शब्दातलं 'सायकल' ते हेच.

ताळा करायला सोपा मार्ग आहे: प्रश्न मोजा आणि एक मिळवा. चार अधिक एक, पाच. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर नकाशा चुकलाय.

आणि तो चुकतोच. दोन चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की उत्तरपत्रिकेतला आकडा बघूनच कारण कळतं. उत्तर ४ असेल तर मुलाने पहिल्या `if`मधला `||` हा एकच प्रश्न धरलाय. दिसायला ओळ एक आहे, पण विचारणा दोन आहेत. वय शून्याच्या खाली असेल तर सी भाषेत दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही; नसेल तरच विचारला जातो. म्हणजे तिथे खरोखर दोन फाटे आहेत. काही पुस्तकं अशा जोडप्रश्नाला एकच धरतात हे खरं, म्हणून कुणी '`||` एकच निर्णय मानला' असं लिहून ४ काढलं तर मी मार्क कापत नाही. न लिहिता ४ काढलं तर मात्र कापतो.

दुसरी चूक जास्त मजेची. उत्तर २ येतं. चार प्रश्न विचारणाऱ्या फंक्शनची कॉम्प्लेक्सिटी २ कशी असेल, हा विचार न करता मूल पुढे जातं. कारण असं की त्याने शेवटचं गाव काढलेलंच नसतं. चार `return` चार दिशांना लोंबकळत ठेवलेले. गावं ८, रस्तेही ८, आणि सूत्रात घातलं की २. सूत्राला वाट संपते ते ठिकाण एकच लागतं, नाहीतर परतीचा रस्ता कुठून काढणार?

तर वाटा पाच. प्रत्येक वाटेवरून एक प्रवासी पाठवायचा म्हटलं तर पाच टेस्ट केस लागतील. पूर्ण तिकीट १०० रुपये धरू. वय उणे १० दिलं तर उणे १ यायला हवं. १३० दिलं तरी उणे १. वय ३ दिलं तर शून्य, ९ दिलं तर ५०, ४० दिलं तर १००. पाचही प्रवासी योग्य तिकीट घेऊन उतरले. फंक्शनची एकही ओळ चालायची राहिली नाही. इथे मुलांना वाटतं, संपलं.

मग मी फळ्यावरच्या फंक्शनमधलं एक चिन्ह पुसतो. `vay <= 12`चं `vay < 12` करतो आणि तेच पाच प्रवासी पुन्हा पाठवायला सांगतो. पाचही जण पुन्हा बरोबर तिकीट घेऊन उतरतात. वाटा तेवढ्याच, कॉम्प्लेक्सिटी पाचच. बिघडलंय ते फक्त बारा वर्षांच्या मुलाचं. त्याच्याकडून ५० ऐवजी १०० घेतले जातायत. नऊ आणि चाळीस वर्षांच्या प्रवाशांना ते कळायचं काही कारण नाही.

'ब' भाग यासाठी असतो. ग्लेनफोर्ड मायर्स यांच्या १९७९च्या पुस्तकाने ही पद्धत घरोघरी नेली असं म्हणता येईल, निदान प्रोग्रामर लोकांच्या घरी. प्रोग्राम लिहिणारा माणूस नियमाच्या मधोमध सहसा चुकत नाही. 'पर्यंत' आणि 'पेक्षा कमी', 'पासून' आणि 'नंतर', इथे त्याची बोटं घसरतात. म्हणून प्रवासी निवडायचे ते कंडक्टर ज्यांना वय विचारतो तेच.

आपल्या नियमात उत्तर कुठे कुठे बदलतं ते पाहा. उणे १ आणि ० यांच्यामध्ये, ४ आणि ५ यांच्यामध्ये, १२ आणि १३ यांच्यामध्ये, १२० आणि १२१ यांच्यामध्ये. चार सीमा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना एक, एकूण आठ प्रवासी. उणे १ला उणे १ हे उत्तर हवं. ० आणि ४ फुकट. ५ आणि १२ ला ५०. १३ आणि १२० ला १००. १२१ला पुन्हा उणे १. हे आठ आकडे कागदावर लिहिताना अपेक्षित उत्तर नियमात बघून लिहायचं, कोडमध्ये बघून नाही. हे सांगायची गरज का पडते? कारण परीक्षेत कोड समोर छापलेलं असतं आणि बरीच मुलं तेच मनात चालवून येईल ते उत्तर 'अपेक्षित' म्हणून लिहितात. कोड चुकीचं असलं तरी त्यांची टेस्ट पास होणारच. चोरालाच साक्षीदार केल्यावर दुसरं काय होणार?

`<` वाली चूक आता १२ या प्रवाशाला लगेच सापडते. `vay < 5`च्या जागी कुणी `vay <= 5` लिहिलं तर ५ वर्षांच्याला सापडेल, `vay < 4` लिहिलं तर ४ वर्षांच्याला.

'ब' भागात सगळ्यात जास्त मार्क जातात ते मात्र एका पाठ केलेल्या सूत्रामुळे. पुस्तकात लिहिलेलं असतं: प्रत्येक इनपुटसाठी सर्वात लहान किंमत, तिच्या वरची एक, मधली एक, सर्वात मोठीच्या खालची एक आणि सर्वात मोठी. मूल शून्य ते १२० ही मर्यादा बघतं आणि धडाधड लिहितं: ०, १, ६०, ११९, १२०. सूत्राप्रमाणे हे बिनचूक आहे. आता हे पाच प्रवासी एसटीत बसवा. दोघं फुकट, तिघं पूर्ण तिकिटात. अर्ध्या तिकिटाची ओळ एकदाही चालली नाही! ज्या सवलतीसाठी हे फंक्शन लिहिलं, ती काढून टाकली तरी या टेस्ट पास होतील. सूत्राने फक्त बाहेरचं कुंपण पाहिलं, शेतातले बांध पाहिलेच नाहीत. सीमा इनपुटच्या टोकांना असतात तशा आतही असतात. जिथे जिथे प्रोग्रामचं वागणं बदलायला हवं, तिथे प्रत्येक ठिकाणी एक असते.

इथे 'अ' भागाचा आकडा उपयोगी पडतो, आणि दोन्ही प्रश्न एकाच फंक्शनवर का विचारतात ते कळतं. वाटा पाच आहेत हे ठाऊक असेल, तर ०, १, ६०, ११९, १२० लिहून झाल्यावर कोणता प्रवासी कोणत्या वाटेने गेला ते मोजायचं. उत्तर येतं: फक्त दोन वाटांनी. तीन वाटा रिकाम्या. आठ प्रवाशांच्या यादीला हाच हिशेब लावला तर पाचही वाटा भरलेल्या दिसतात.

मग आठ प्रवासी असताना वाटा मोजायच्या कशाला, असा प्रश्न दरवर्षी पहिल्या बाकावरून येतो. त्याला मी उत्तर देत नाही, फळ्यावर एक ओळ वाढवतो:

```c
    if (vay == 30)
        return 0;
```

समजा, लिहिणाऱ्याने स्वतःच्या वयावर काहीतरी तपासून पाहिलं आणि ही ओळ काढायची विसरला. अशा ओळी खऱ्या प्रोग्राममध्ये राहून जातात. नियमात ३० हा आकडा कुठेच नाही, त्यामुळे नियमावरून सीमा शोधणाऱ्याला तो दिसणं शक्य नाही. आठही प्रवासी योग्य भाडं घेऊन उतरतात आणि तीस वर्षांचे सगळे लोक फुकट फिरतात. कॉम्प्लेक्सिटी मात्र पाचाची सहा झालेली असते. आठ जणांनी पाचच वाटा चालल्या, सहावी कोरी राहिली, ती कुठली आहे ते बघायला गेलं की ओळ सापडते. नोकरीत हे काम कव्हरेज मोजणारं साधन करतं आणि न चाललेली ओळ रंगवून दाखवतं. परीक्षेत पेन्सिलने करावं लागतं.

पाच या आकड्यावर फार विसंबू नये, हेही सांगायला हवं. आपल्या फंक्शनमध्ये पाच म्हणजे एकूण वाटाच पाच आहेत, कारण प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणालं की बाहेर पडता येतं. एकेकच प्रश्न विचारणारे तीन `if` एकाखाली एक असते आणि मधूनच बाहेर पडायची सोय नसती, तर कॉम्प्लेक्सिटी ४ आली असती आणि शेवटपर्यंत जायच्या वाटा ८. ४ म्हणजे स्वतंत्र वाटा. बाकीच्या त्यांच्याच तुकड्यांची जुळवाजुळव. मॅककेब यांनी एका फंक्शनसाठी १० ही वरची मर्यादा सुचवली होती, आणि तीही दगडावरची रेघ म्हणून नव्हे. शिवाय हा आकडा कोड कसं लिहिलंय त्यावर हलतो. पाच, बारा, १२० हे आकडे एका तक्त्यात ठेवून तो तक्ता एका लूपने वाचला, तर तोच नियम कमी कॉम्प्लेक्सिटीत बसतो. सीमा तेवढ्याच राहतात, त्या तक्त्यात जाऊन बसतात. मोठ्या हुशारीने कॉम्प्लेक्सिटी उतरवलेल्या कोडमध्ये चुका उतरतीलच असं नाही.

आता बाजूला ठेवलेल्या सवलती. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. शेवटच्या `return`च्या आधी एक प्रश्न वाढवला, 'प्रवासी महिला आहे का, असेल तर अर्धं', की कॉम्प्लेक्सिटी सहा होते. वयाची सीमा एकही वाढत नाही, म्हणून मुलं जुनीच यादी ठेवतात आणि प्रत्येक ओळीत महिला की पुरुष यातलं सुचेल ते लिहितात. एका उत्तरपत्रिकेत १२ आणि १३ या दोन्ही ओळींत महिला होती. बारा वर्षांच्या मुलीला ५०, तेरा वर्षांच्या मुलीला ५०, दोन्ही टेस्ट पास. पण त्या जोडीने बाराची सीमा तपासलीच नाही, कारण महिलेच्या बाबतीत तिथे भाडं बदलतच नाही. `<=`चं `<` झालं असतं तरी बारा वर्षांच्या मुलीला ५०च आलं असतं, फक्त वेगळ्या ओळीतून. ही सीमा दिसते ती मुलगाच पाठवला तर. उत्तर बरोबर येणं आणि ते योग्य वाटेने येणं, यांतला फरक मुलांना मी या उदाहरणावर दाखवतो. दुसरं याहून सोपं मला सापडलेलं नाही.

ज्येष्ठांसाठी आणखी दोन `if` लागतात. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट होतंच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत मोफत प्रवास मिळाला. सीमेच्या यादीत ६४ आणि ६५ सरळ लिहिता येतात: १०० आणि ५०. पुढची सीमा लिहायला घेतली की पेन थांबतं. '६५ ते ७५' या शब्दांत ७५ आत आहे. '७५ वर्षांवरील' म्हणजे ७५वा वाढदिवस झाल्यापासून, की ७६वा लागल्यावर? पंच्याहत्तर पूर्ण होऊन तीन महिने झालेल्या आजोबांना विचाराल तर ते स्वतःला ७५च्या वरचेच समजतात. आपलं `int vay` मात्र ते तीन महिने पुसून टाकतं आणि फक्त ७५ आत पाठवतं. `vay < 75` लिहिलं तर आजोबा फुकट, `vay <= 75` लिहिलं तर अर्ध्या तिकिटात. दोन्हीत वाटा सारख्या, कॉम्प्लेक्सिटी सारखी, आणि दोनपैकी बरोबर कोणतं ते कोडकडे कितीही वेळ बघून कळणार नाही.

यादीत ७५च्या पुढे 'अपेक्षित उत्तर' हा रकाना असतो. वर्गातली निम्मी मुलं तिथे ० लिहितात, निम्मी ५०, आणि दोन्ही बाजू आपापल्या आजोबांचे दाखले देतात. मागच्या सत्रात एका मुलीने तो रकाना रिकामा ठेवून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नियम स्पष्ट नाही, परिवहन खात्याला विचारावे.' तिला त्या ओळीचे पूर्ण मार्क दिले.